सल्ला हवा: लॅपटॉपवरचा सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा? दोन्हींत अर्धं-अर्धं आहे

मोरपंख

मंडळी, जरा तातडीचं आहे. लॅपटॉपवर ती खिडकी उघडी ठेवूनच लिहितेय.

मी आणि माझा धाकटा भाऊ स्टीमवर Stardew Valley खेळतो. अकाउंट एकच, माझं. शेतं मात्र दोन. माझं वेगळं, त्याचं वेगळं. मी डेस्कटॉपवर खेळते, तो बहुतेक वेळा लॅपटॉपवर. आजवर कधी काही अडलं नाही. मी इकडे खेळून उठले की तिकडे लॅपटॉपवर माझं शेत आपोआप पुढे सरकलेलं दिसायचं.

या आठवड्यात लॅपटॉपला सोमवारपासून बुधवारपर्यंत नेट नव्हतं. भाऊ ऑफलाइनच खेळत राहिला, काल रात्री उशिरापर्यंत. मधल्या काळात मी डेस्कटॉपवर माझं शेत खेळले. आज लॅपटॉपला नेट आलं, गेम सुरू करायला गेलो तर स्टीम म्हणतं की या कॉम्प्युटरवरच्या फायली आणि क्लाउडवरच्या फायली जुळत नाहीत, कुठल्या ठेवायच्या ते निवडा. लॅपटॉपच्या बाजूला काल रात्री 11:40 ची वेळ आहे. क्लाउडच्या बाजूला मंगळवार दुपारी 4:10 ची.

लॅपटॉपचं निवडलं तर भावाचा हिवाळा राहील, पण मग माझ्या शेताचं काय? क्लाउडचं निवडलं तर त्याचे तीन दिवसांचे कष्ट जातील. तो शेजारीच बसलाय आणि एक शब्द बोलत नाहीये. काय करू?

धडाकेबाज

यात विचार करण्यासारखं काय आहे? जी तारीख नवी ती निवडायची. काल रात्री 11:40 मंगळवारनंतर येतं, म्हणजे लॅपटॉपचा सेव्ह नवा. तो ठेव, गेम चालू कर. मी दरवेळी हेच करतो आणि आजपर्यंत काही गेलेलं नाही.

जुनाखेळाडू

मोरपंख, कृपा करून अजून काहीही निवडू नका. ती खिडकी बंद करा, गेम सुरू न करता. खिडकी बंद केल्याने काहीच पुसलं जात नाही. पुढच्या वेळी गेम सुरू कराल तेव्हा ती परत येईल.

धडाकेबाज, तुमचं एकट्याचं एकच शेत असेल तर नवी तारीख बहुतेक वेळा बरोबर निघते, म्हणून तुमचं कधी काही गेलं नाही. इथे मात्र तोच सल्ला मोरपंख यांचं नुकसान करेल. स्टीम तुम्हाला शेतामागे विचारत नाही, पूर्ण गेममागे एकदाच विचारतं. लॅपटॉप निवडला की लॅपटॉपवरचा सगळा ढीग क्लाउडवर चढतो. त्या ढिगात भावाचं शेत ताजं आहे, पण मोरपंख यांचं शेत गेल्या रविवारचं आहे. मंगळवारचा त्यांचा खेळ त्याच्याखाली गाडला जाईल, आणि नंतर डेस्कटॉप चालू केला की तिथेही ते जुनं शेत उतरेल.

आता हे झालं कसं, ते सांगतो, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. खेळताना क्लाउड मध्येमध्ये काही करत नसतं. गेम सुरू करताना एकदा आणि गेम बंद केल्यावर एकदा, एवढ्या दोनच वेळी हिशोब जुळवला जातो. त्यासाठी स्टीम प्रत्येक मशीनवर एक नोंद ठेवतं, `remotecache.vdf` नावाच्या फाइलमध्ये, की शेवटची जुळणी झाली तेव्हा कुठली फाइल कशी होती. गेम सुरू करताना ते दोन प्रश्न विचारतं. त्या जुळणीनंतर इथली फाइल बदलली का? आणि क्लाउडवरची बदलली का? फक्त इथली बदलली असेल तर गुपचूप वर चढवतं. फक्त क्लाउडची बदलली असेल तर गुपचूप खाली उतरवतं. दोन्हीकडची बदलली असेल तर त्याला कुणाची बाजू घ्यावी कळत नाही, आणि तुमच्यासमोर खिडकी येते.

तुमच्या लॅपटॉपची शेवटची जुळणी रविवारी. त्यानंतर भावामुळे लॅपटॉप बदलला आणि तुमच्यामुळे क्लाउड बदलला. नवं-जुनं असा हा प्रश्नच नाही. एकाच मुळापासून दोन फांद्या फुटल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

चांगली गोष्ट ही की या गेममध्ये प्रत्येक शेताचं फोल्डर वेगळं असतं. त्यामुळे दोन्ही वाचवता येतील. आधी हे सांगा, डेस्कटॉपवरून मंगळवारी गेम नीट बंद केला होता ना? आणि त्यानंतर तिथे कुणी उघडला नाही ना?

मोरपंख

खिडकी बंद केली. आता जीव थोडा खाली बसला.

हो, मंगळवारी झोपून, दिवस संपवून, मेनूतून बाहेर पडले होते. त्यानंतर डेस्कटॉप चालू होता पण गेम उघडलेला नाही.

अर्धविराम

माझ्याकडे पण असंच व्हायचं. नेट हळू असेल तर सिंक अर्धवट राहतं. राउटर एकदा बंद करून चालू करून बघा, मग परत सिंकचं बटण दाबा.

जुनाखेळाडू

अर्धविराम, तुम्ही म्हणता तो प्रकार वेगळा. सिंक अर्धवट राहिलं तर स्टीम तसं सांगतं आणि परत प्रयत्न केला की होऊन जातं. इथे सिंक अडलंय ते निर्णयासाठी, नेटसाठी नाही. राउटर कितीही वेळा चालू-बंद केला तरी दोन फांद्या दोनच राहणार.

मोरपंख, आता क्रमाने. घाई कुठेही नाही.

लॅपटॉपवर Win+R दाबा, `%appdata%\StardewValley\Saves` लिहा, एंटर. तिथे दोन फोल्डर दिसतील, प्रत्येकाचं नाव म्हणजे पात्राचं नाव, अंडरस्कोर आणि एक लांब आकडा. दोन्ही फोल्डर जसेच्या तसे पेनड्राइव्हवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. त्या पेनड्राइव्हवर त्यांच्यासाठी `laptop` नावाचं फोल्डर करा. मग डेस्कटॉपवर जाऊन तेच करा, `desktop` नावाच्या फोल्डरमध्ये. एवढं झालं की पुढे तुमच्या हातून काहीही चुकलं तरी परत इथेच येता येईल. बाकी सगळं त्यानंतर.

आता कुठल्या प्रतीत काय आहे ते अंदाजाने ठरवू नका, वाचून ठरवा. प्रत्येक शेताच्या फोल्डरमध्ये `SaveGameInfo` नावाची फाइल असते. तिला शेपूट नाही, पण आत साधा मजकूरच आहे. पेनड्राइव्हवरची प्रत नोटपॅडमध्ये उघडा. सगळं एका ओळीत दाटीवाटीने दिसेल, घाबरू नका. Ctrl+F करून हे तीन शोधा:

```
dayOfMonthForSaveGame
seasonForSaveGame
yearForSaveGame
```

ऋतू आकड्यात असतो. 0 म्हणजे वसंत, 1 उन्हाळा, 2 शरद, 3 हिवाळा. शिवाय `millisecondsPlayed` शोधलं की त्या शेतावर एकूण किती वेळ खेळलंय ते मिळतं. त्या आकड्याला 3600000 ने भागा, तास येतात. फाइलच्या तारखेपेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा. तारीख नुसती फाइल लिहिली गेल्याची असते. हा आकडा खेळण्याचा असतो.

चार आकडे इथे टाका.

मोरपंख

सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. नोटपॅडमध्ये खरंच एक अखंड ओळ आहे, पण शोधल्यावर सापडलं.

माझं शेत, `Meera_318840127`. लॅपटॉपवर तिसरं वर्ष, वसंत 27. डेस्कटॉपवर तिसरं वर्ष, उन्हाळा 11.

भावाचं, `Chintu_320115904`. लॅपटॉपवर पहिलं वर्ष, हिवाळा 20, मिलिसेकंद 151200000. डेस्कटॉपवर पहिलं वर्ष, शरद 26, मिलिसेकंद 133200000.

म्हणजे त्याचे 42 तास आणि 37 तास. बरोबर?

जुनाखेळाडू

अगदी बरोबर. त्याचे 22 दिवस आणि तुमचे 12 दिवस असा हिशोब आहे. त्या गेममधला पूर्ण दिवस साधारण 14 मिनिटांचा, म्हणजे त्याचे पाच तास आणि तुमचे तीन तासांच्या आसपास. 11:40 ची तारीख बघून लॅपटॉप निवडला असता तर तुमचे ते 12 दिवस गेलेच होते.

आता दुरुस्ती डेस्कटॉपवर करायची, लॅपटॉपवर नाही. तुमचा डेस्कटॉप आणि क्लाउड मंगळवारपासून जुळलेले आहेत. त्यामुळे डेस्कटॉपवर काही बदललं तर तो एकाच बाजूचा बदल ठरतो आणि स्टीम तो काही न विचारता वर चढवेल. भांडण फक्त लॅपटॉपचं आहे, त्याला तूर्त हात लावायचा नाही.

डेस्कटॉपवर गेम बंद असताना `Saves` उघडा. तिथलं जुनं `Chintu_320115904` तिथून बाहेर काढा, डेस्कटॉपच्या पडद्यावर ठेवलंत तरी चालेल. त्याच जागी नाव बदलून ठेवू नका, नाहीतर तेही वर चढायला जाईल. मग पेनड्राइव्हच्या `laptop` मधलं `Chintu_320115904` तिथे ठेवा. तुमच्या Meera ला हात नाही. गेम सुरू करा, शेतांच्या यादीत Chintu च्या समोर हिवाळा 20 आणि Meera च्या समोर उन्हाळा 11 दिसतं का ते बघा. दिसलं की बाहेर पडा आणि स्टीमला अपलोड पूर्ण करू द्या.

झालं का ते ब्राउझरमध्ये तपासता येतं. स्टीममध्ये लॉग इन करून हे पान उघडा:

```
https://store.steampowered.com/account/remotestorage
```

तिथे गेमची यादी येते, Stardew Valley समोरच्या दुव्यात क्लाउडवर नक्की कुठल्या फायली कधीच्या पडल्या आहेत ते दिसतं आणि एकेक उतरवूनही घेता येते. मला हे पान फार महत्त्वाचं वाटतं. समजा तुमचा डेस्कटॉप हाताशी नसता, तरी या पानावरून क्लाउडची प्रत कुठल्याही मशीनला न छेडता मिळाली असती.

हे तपासल्यावरच लॅपटॉपवर जा, गेम सुरू करा, आणि खिडकी आली की या वेळी क्लाउड निवडा. आता क्लाउडमध्ये दोन्ही शेतं ताजी असतील.

चांदणवेल

जुनाखेळाडू, मी हे वेगळ्या पद्धतीने करते. एवढी मशीनं बदलायची गरज नाही. लॅपटॉपवरच क्लाउड निवडायचं, गेम सुरू होऊ द्यायचा, आणि पहिल्या पडद्यावर थांबून Alt+Tab करून बाहेर यायचं. सुरुवातीची जुळणी तोवर झालेली असते. मग पेनड्राइव्हवरचं Chintu फोल्डर `Saves` मध्ये टाकायचं, परत गेममध्ये जाऊन यादी उघडायची. बंद करताना स्टीम ते वर चढवतं. दहा मिनिटांचं काम.

जुनाखेळाडू

चालतं, आणि या गेममध्ये चालण्याचं कारण असं की यादी उघडल्यावर तो फोल्डर वाचतो. पण जे गेम सुरू होतानाच सेव्ह वाचून मनात धरून ठेवतात, ते बंद होताना तुमच्या नव्या फाइलवर आपली जुनी प्रत लिहून टाकतात. तिथे ही युक्ती घात करेल. ज्या गेमचा स्वभाव माहीत आहे तिथेच ती वापरावी असं माझं मत आहे.

चांदणवेल

मी तीन-चार गेममध्ये केलंय, कधी घात झाला नाही. पण हो, पेनड्राइव्हवर प्रत असल्याशिवाय करत नाही.

निवांत

थोडं विषयांतर होईल, पण माझं पण सांगतो. मी जागा हवी म्हणून गेम काढून टाकला आणि आता परत टाकतोय. सेव्ह गेले असतील ना? क्लाउड चालू होतं की नाही आठवत नाही.

चांदणवेल

कुठला गेम त्यावर आहे. सेव्ह `AppData` किंवा Documents मध्ये असतील तर गेम काढल्यावर सहसा तिथेच पडून राहतात, कारण ते गेमच्या फोल्डरच्या बाहेर असतात. काही गेम मात्र स्वतःच्या फोल्डरमध्येच सेव्ह ठेवतात, तिथे भरवसा नाही. परत टाकण्याआधी PCGamingWiki वर गेमचं पान उघडा. तिथे सेव्ह कुठे असतात आणि कुठल्या लाँचरचं क्लाउड चालतं, दोन्हींचा तक्ता असतो. आधी तिथे जाऊन बघा फोल्डर आहे का. असेल तर कॉपी करून ठेवा, मगच गेम टाका.

मोरपंख

अडले. डेस्कटॉपवर सांगितल्याप्रमाणे केलं. गेम सुरू केला, माझं शेत दिसतंय, उन्हाळा 11. पण चिंटूचं शेत यादीत नाहीच! फोल्डर तर तिथे आहे, मला दिसतंय. आता ती फाइल खराब झाली का?

जुनाखेळाडू

बहुधा नाही. फोल्डर उघडा. आत थेट फायली दिसतात का, की त्याच नावाचं आणखी एक फोल्डर दिसतं?

मोरपंख

आणखी एक फोल्डर! `Chintu_320115904` च्या आत `Chintu_320115904`. मी पेनड्राइव्हवर नेताना झिप केलं होतं, जागा वाचावी म्हणून. इथे उजवी क्लिक करून सगळं बाहेर काढ असं केलं.

जुनाखेळाडू

तेच झालं. विंडोज झिप उलगडताना झिपच्या नावाचं एक फोल्डर स्वतः करतं आणि आतलं फोल्डर त्यात ठेवतं. गेम बाहेरच्या फोल्डरमध्ये `SaveGameInfo` शोधतो, त्याला तिथे मिळत नाही, म्हणून तो ते शेत यादीतच घेत नाही. गेम बंद करा, आतलं फोल्डर एक पायरी वर आणा, बाहेरचं रिकामं पुसा. फोल्डरचं नाव आणि आतल्या मोठ्या फाइलचं नाव अक्षरशः सारखं हवं, दोन्हीकडे `Chintu_320115904`. कुठे शेवटी `(1)` किंवा `- Copy` चिकटलं असेल तर तेही काढा.

मोरपंख

आलं!! हिवाळा 20, 42 तास. भाऊ उडी मारून उठला.

बाहेर पडले, अपलोड झालं. ब्राउझरच्या पानावर Chintu च्या फायलींसमोर आता आजची वेळ दिसतेय. मग लॅपटॉपवर गेलो, खिडकी आली, क्लाउड निवडलं. हात थरथरत होता, खरं सांगते. दोन्ही शेतं जिथल्या तिथे आहेत.

आता दुसरा प्रश्न. हे असं परत झालं तर प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह घेऊन पळायचं का? आपला आपण बॅकअप ठेवायची सवय कशी लावावी? मला रोज हाताने कॉपी करणं जमणार नाही, एवढं नक्की.

धडाकेबाज

आधीचा माझा सल्ला चुकला, मान्य. सगळे सेव्ह एकाच खिडकीत जातात हे मला माहीत नव्हतं.

पण बॅकअपचं माझ्याकडे पक्कं आहे. एक ओळीची फाइल करून ठेवलीय, डबल क्लिक केलं की झालं:

```
robocopy "%APPDATA%\StardewValley\Saves" "D:\SaveBackup\Stardew" /MIR
```

फक्त बदललेल्या फायली नेतो, त्यामुळे क्षणात होतं.

जुनाखेळाडू

robocopy उत्तम, पण त्या `/MIR` बद्दल मला काळजी वाटते. त्याचा अर्थ आरसा. मूळ जागी जे आहे तेच तिकडे, आणि मूळ जागी जे नाही ते तिकडूनही पुसायचं. म्हणजे एखाद्या दिवशी चुकीचं क्लाउड निवडलं गेलं, शेत जुनं झालं, आणि सवयीने ही फाइल डबल क्लिक केली, की बॅकअपसुद्धा जुना. शेत पुसलं गेलं असेल तर बॅकअपमधूनही पुसलं जाईल. चुकीची गोष्ट कळायच्या आधी तिची नक्कल होऊन बसते.

सेव्हचा बॅकअप म्हणजे जुन्या दिवशी परत जाता येणं. त्यासाठी दरवेळी वेगळ्या नावाचं फोल्डर हवं. मी हे वापरतो, पॉवरशेलमध्ये:

```
$t = Get-Date -Format "yyyy-MM-dd_HHmm"
robocopy "$env:APPDATA\StardewValley\Saves" "D:\SaveBackup\Stardew\$t" /E
```

D ऐवजी तुमच्याकडे जी दुसरी डिस्क असेल तिचं अक्षर. प्रत्येक वेळी तारीख आणि वेळेचं नवं फोल्डर होतं, जुन्याला कुणी हात लावत नाही. शेतांच्या फायली काही मेगाबाइटच्या असतात, वर्षभर साठवल्या तरी डिस्कला जाणवत नाही. महिन्यातून एकदा बसून जुनी फोल्डरं पुसायची, दर आठवड्याचं एखादं राखून.

ही प्रत घ्यायची ती गेम बंद असताना. सेव्ह लिहिला जात असताना कॉपी केली तर अर्धी फाइल मिळू शकते.

मोरपंख

हे मला जमेल. पण Documents किंवा `Saves` सरळ वनड्राइव्हमध्ये टाकलं तर? मग दोन्ही मशीनवर तेच राहील आणि बॅकअपही होईल.

धडाकेबाज

मी आधी तेच करायचो, चांगलं चालतं.

चांदणवेल

ते दोन मशीनमधलं सिंक आहे, बॅकअपसारखं दिसतं एवढंच. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. वनड्राइव्हमध्ये कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या मिळतात, त्यामुळे अगदीच वाऱ्यावर नसतं, पण मग एकाच फोल्डरवर दोघे मालक होतात, स्टीम आणि वनड्राइव्ह. एकाने फाइल खाली उतरवली की दुसऱ्याला वाटतं ती बदलली. माझ्याकडे एका गेमच्या फोल्डरमध्ये कॉम्प्युटरचं नाव चिकटलेल्या दुसऱ्या फायली दिसायला लागल्या. वनड्राइव्हला दोन आवृत्त्या जुळवता आल्या नाहीत की तो अशी प्रत करून ठेवतो. गेम मात्र त्या ओळखतच नाही. मी शेवटी स्टीमचं क्लाउड जिथे आहे तिथून वनड्राइव्ह काढून टाकलं.

पण तारखेचा बॅकअप, म्हणजे ते `D:\SaveBackup`, वनड्राइव्हमध्ये ठेवायला हरकत नाही. तिथे गेम येऊन लिहीत नाही.

आणि एक बघा, काही मशीनवर विंडोजने Documents आधीच वनड्राइव्हमध्ये हलवलेलं असतं आणि आपल्याला माहीतही नसतं. Documents वर उजवी क्लिक करून जागा कुठली दाखवतं ते तपासा.

निवांत

माझे सेव्ह होते! `AppData` मध्येच. धन्यवाद चांदणवेल.

आणखी एक अनुभव सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. मागे एकदा शेतात झोपायला गेलो आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. नंतर मोठी फाइल 0 KB दिसली. मी गेम परत सुरू करून बंद केला, आणि ती रिकामी फाइल वर चढली. मी तर शेत सोडूनच दिलं होतं.

जुनाखेळाडू

निवांत, तेव्हा फोल्डरमध्ये शेवटी `_old` असलेल्या दोन फायली होत्या का? हा गेम आदल्या दिवसाची प्रत त्या नावाने ठेवतो, `SaveGameInfo_old` आणि मोठ्या फाइलचीही. रिकामी फाइल आणि आताची `SaveGameInfo` दोन्ही बाजूला काढून, `_old` असलेल्या दोन्हींच्या नावातलं `_old` काढलं की एक दिवस मागचं शेत उघडतं. दोन्हींचं काढायला हवं, एकाचं नाही. मागे जाता येतं ते एकच दिवस, म्हणून खराब फाइल दिसली की तो गेम पुन्हा खेळायच्या आधी हे करावं लागतं.

निवांत

होत्या बहुतेक. मला त्यांचा अर्थ माहीत नव्हता. जुन्या डिस्कवर ते फोल्डर अजून असेल, आज रात्री शोधतो.

अर्धविराम

हे सगळं एका गेमसाठी. माझ्याकडे 30-40 गेम आहेत. प्रत्येकाचा रस्ता शोधत बसायचं?

चांदणवेल

त्यासाठी Ludusavi आहे. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि सेव्हच्या जागा PCGamingWiki च्या माहितीवरूनच ओळखतो. डिस्क तपासायला लावलं की कुठल्या गेमचे किती सेव्ह सापडले त्याची यादी देतो. प्रत्येक गेमच्या किती जुन्या प्रती ठेवायच्या तेही सांगता येतं. मी पाच ठेवते. काही गेम सेव्हचा काही भाग रजिस्ट्रीत ठेवतात, फोल्डर कॉपी करून तो हाती लागत नाही. हा तेही घेतो.

जुनाखेळाडू

मीही वापरतो. दोन गोष्टी तरी लक्षात असू द्या. जे गेम पूर्ण ऑनलाइन आहेत त्यांची प्रगती त्यांच्या सर्व्हरवर असते, तुमच्या डिस्कवर काही सापडलं तरी ती बहुतेक सेटिंग असते. आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या गेमचे सेव्ह `%LOCALAPPDATA%\Packages` मध्ये त्या गेमच्या फोल्डरात `SystemAppData\wgs` इथे असतात, आत नुसती अक्षरं-आकड्यांची नावं. त्यातली एखादीच फाइल उचलून परत टाकली तर चालत नाही, पूर्ण `wgs` एकत्र घ्यावं लागतं. Elden Ring सारख्या काही गेमच्या सेव्हवर अकाउंटची खूण असते, दुसऱ्या अकाउंटवर ते तसेच उघडत नाहीत.

आणि बॅकअप घेतल्यावर एकदा परत आणून बघा. मोरपंख यांच्याकडे झिपमुळे जे झालं ते आधीच कळलं असतं तर आज त्यांना घाम फुटला नसता.

मोरपंख

हो, ते मी आजच करून बघितलं. स्क्रिप्ट चालवली, मग भावाला सांगून त्याचं शेत `Saves` मधून बाहेर काढलं आणि बॅकअपमधून परत ठेवलं. आलं. त्यानेच केलं स्वतःच्या हाताने, म्हणजे त्यालाही कळलं.

एक शंका उरली. लॅपटॉप तो बंद करत नाही, गेम चालू ठेवूनच झाकण लावतो. मग तर बंद करतानाची जुळणीच होत नसेल?

जुनाखेळाडू

होत नाही. दिवस संपवून झोपला असेल तर सेव्ह लॅपटॉपवर लिहिलेला असतो, पण वर चढत नाही. मग तुम्ही डेस्कटॉपवर बसलात की परत दोन फांद्या. कधी कधी स्टीम सांगतं की दुसऱ्या मशीनवरून फायली चढायच्या बाकी आहेत. तसं दिसलं तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका, लॅपटॉप उघडून गेम बंद करा. त्याला एवढंच सांगा की झोप, मेनू, बाहेर, आणि स्टीममध्ये अपलोड संपेपर्यंत झाकण नाही.

चांदणवेल

मला वाटतं दोघांची अकाउंट वेगळी केली तर हा प्रश्नच मिटेल. स्टीममध्ये कुटुंबासाठी गेम वाटून घेता येतात, आणि मग सेव्ह ज्याचे त्याचे.

जुनाखेळाडू

मिटेल, पण त्याचं 42 तासांचं शेत नव्या अकाउंटवर न्यायचं काम परत हातानेच. आणि एकाच मशीनवर दोघं बसले तर `Saves` फोल्डर एकच राहतं, कारण ते विंडोजच्या युजरचं असतं, स्टीमच्या अकाउंटचं नाही. मग एकाची शेतं दुसऱ्याच्या क्लाउडवर चढतील. विंडोजचे युजरही वेगळे करावे लागतील.

चांदणवेल

हे मला सुचलं नव्हतं. मग वेगळं अकाउंट करावं की नाही, मी जरा विचार करते. कुणी केलंय का असं, एका मशीनवर दोन अकाउंट?

मोरपंख

आम्ही पण विचार करतोय. तोवर लॅपटॉपच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे.

निवांत

`_old` सापडल्या. दोन्ही. आता नाव बदलतोय.